जांभळ्या कोबीचा रस: घरचा दर्शक आणि त्याच्या रंगांची नावं

जांभळ्या कोबीची कोशिंबीर केली की वाडग्याच्या तळाशी गुलाबी पाणी साचतं. तोच कोबी चिरलेली पाटी नळाखाली धरली की ओघळ निळे दिसतात. एकाच भाजीचं हे पाणी लिंबू पडलं तिथे गुलाबी आणि नळाचं पाणी लागलं तिथे निळं होतं. सातवीतल्या माझ्या भाचीने हे पाहिलं आणि म्हणाली, "मामा, हा तर आमच्या पुस्तकातला नैसर्गिक दर्शक." पुस्तकात हळद असते, जास्वंद असते, लिटमस असतो. पण हळद पिवळी नाहीतर लाल, एवढंच सांगते. लिटमसही दोनच रंगांत बोलतो. कोबीचा रस मात्र डाळिंबी लालपासून पिवळ्यापर्यंत सात-आठ रंग दाखवतो, म्हणून नुसतं आम्ल की आम्लारी एवढ्यावर न थांबता 'किती' हेही अंदाजाने सांगता येतं.

मात्र त्यासाठी रंगांची नावं ठरवावी लागतात, आणि घोळ होतो तो तिथेच. छापील तक्त्यात गुलाबी, जांभळा, निळा, हिरवा असं लिहिलेलं असतं. समोरच्या ग्लासात जे दिसतं ते जांभळंही नसतं आणि निळंही नसतं. म्हणून या लेखात रस करायची कृती थोडक्यात आहे आणि रंगांची शिडी कशी बांधायची, हे सविस्तर.

रस काढताना

साधारण १०० ग्रॅम जांभळा कोबी लागेल, म्हणजे लहान गड्ड्याचा पाव भाग. बाजारात याला लाल कोबी किंवा रेड कॅबेज म्हणतात. कोबी बारीक चिरा. रंग पानाच्या पेशींच्या आत, पाण्यात विरघळलेल्या अवस्थेत असतो आणि पेशी फुटल्याशिवाय तो बाहेर येत नाही. चिरल्याने थोड्या पेशी फुटतात, बाकीचं काम गरम पाणी करतं. चिरलेला कोबी काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात घ्या, त्यावर २०० मिलिलिटर उकळतं पाणी ओता, झाकण ठेवा आणि दहा मिनिटांनी गाळा. गॅसवर ठेवून कोबी उकळत बसू नका. रंग फारसा वाढत नाही, पण घरभर कोबीचा वास मात्र सुटतो.

भांडं लोखंडाचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं घेऊ नका. कोबीतला रंग, म्हणजे अँथोसायनिन, या धातूंना चिकटतो. लोखंडाने रस काळपट पडतो, अ‍ॅल्युमिनियमने निळ्याकडे झुकतो. मग आम्लाने काय केलं आणि भांड्याने काय केलं, हे वेगळं काढता येत नाही.

पाण्याची गोष्ट जरा जास्त सांगायला हवी, कारण माझा पहिला रस पाण्यानेच बिघडला. आमच्या इमारतीत बोअरचं पाणी येतं. ते उकळून कोबीवर ओतलं तर दहा मिनिटांनी भांड्यात गडद निळा रस. मला वाटलं कोबीच वेगळा आला. कोबी नेहमीचाच होता, पाणी आम्लारीधर्मी होतं. बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट असतात. पाणी उकळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पाणी आणखी आम्लारी बनतं. असा निळा रस निकामी नसतो, पण आम्लारीचा थोडा साठा तो आधीच पोटात घेऊन बसलेला असतो. ताकासारख्या सौम्य आम्लात चमचाभर टाकला की आम्लाचा काही भाग त्या साठ्यातच खर्च होतो आणि रंग आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो.

म्हणून आरओचं पाणी वापरा, किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मिळतो ते. कॅनवर 'डिस्टिल्ड' असंच लिहिलंय, बॅटरीचं आम्ल नाही, एवढं वाचून घ्या. चांगला रस स्वच्छ जांभळा येतो, पिकल्या जांभळाच्या गरासारखा. काचेच्या ग्लासात ओतून मागे छापील कागद धरला तर अक्षरं धूसर का होईना, दिसायला हवीत. दिसत नसतील तर पाणी घालून रस पातळ करा. फार गडद रस सगळ्याच ग्लासांना काळपट जांभळं करतो.

सामू म्हणजे काय, एवढ्यापुरतं

शाळेच्या पुस्तकात ज्याला सामू म्हणतात आणि बाकी सगळे पीएच म्हणतात, ती ही मोजपट्टी. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी ती १९०९ साली मांडली. साधारण ० ते १४ आकडे, मध्ये ७ म्हणजे उदासीन. खालचे आकडे आम्लाचे, वरचे आम्लारीचे. एक आकडा सरकला की हायड्रोजन आयनांचं प्रमाण दहापट बदलतं, हे लक्षात असू द्या. पुढे ते कामाला येतं.

वनस्पतीच्या रसाने आम्ल ओळखायची युक्ती मात्र सोरेनसेनच्या कितीतरी आधीची. रॉबर्ट बॉइलने १६६४ सालच्या रंगांवरच्या पुस्तकात व्हायोलेट फुलांच्या पाकाबद्दल लिहिलंय, की तो आम्लाने लाल होतो आणि आम्लारीने हिरवा. आपण त्याचंच काम कोबीकडून करून घेतोय.

शिडी: ज्यांचा सामू आधीच ठाऊक आहे अशी पाणी

अनोळखी द्रवात रस टाकून रंग पाहिला, तर तो कशाशी ताडून बघणार? मोबाइलच्या पडद्यावरच्या तक्त्याशी ताडू नका. पडद्याचा रंग वेगळा, तुमच्या रसाचा गडदपणा वेगळा. आपल्याच रसाने, आपल्याच ग्लासांत, सामू माहीत असलेल्या पाण्यांची एक रांग लावायची आणि अनोळखी ग्लास त्या रांगेशेजारी सरकवत न्यायचा. ही रांग म्हणजे शिडी. तिच्या पायऱ्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंपासून बनतात, फक्त मोजून बनवाव्या लागतात.

सगळ्यात खालची पायरी व्हिनेगरची. बाटलीवर आम्लता ४ टक्के लिहिलेलं पांढरं व्हिनेगर घ्या. ५ टक्क्यांचं असेल तर ८० मिलिलिटरमध्ये २० मिलिलिटर पाणी घालून ४ टक्क्यांचं करा. त्याचा सामू अडीचच्या आसपास असतो.

पुढची पायरी करायला व्हिनेगरात पाणी घालावं, असं सगळ्यांनाच वाटतं. मीही तेच केलं होतं. एक भाग व्हिनेगर, नऊ भाग पाणी, म्हणजे दहापट पातळ, म्हणजे सामू एकाने वाढला पाहिजे. प्रत्यक्षात तो जेमतेम अर्ध्याने वाढतो आणि तीनच्या जवळ येतो. व्हिनेगरातलं आम्ल दुर्बल आहे, त्याचे बरेचसे रेणू न तुटता तसेच असतात. पाणी घातलं की त्यांतले आणखी काही तुटून हायड्रोजन आयन पुरवतात. शंभरपट पातळ केलं तरी साडेतीनच्या आसपासच. एवढं करून रंगात जो फरक पडतो तो शेजारी ठेवूनही नीट कळत नाही.

त्यापेक्षा व्हिनेगरात खाण्याचा सोडा घाला. १०० मिलिलिटर व्हिनेगरात साधारण ४ ग्रॅम आम्ल असतं आणि ते पुरतं संपवायला ५.६ ग्रॅम सोडा लागतो. आपण ते पुरतं संपवायचं नाही, अर्धवटच संपवायचं. ५ मिलिलिटरचा मापाचा चमचा असतो, त्याने अर्धा चमचा सपाट सोडा, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम, घातला की सामू साडेचार ते पावणेपाचच्या मध्ये येतो. दुसऱ्या १०० मिलिलिटरमध्ये पूर्ण सपाट चमचा घातला की साडेपाचच्या आसपास. अर्धवट संपलेलं आम्ल आणि त्याचा क्षार एकत्र असले की ते मिश्रण आपला सामू धरून ठेवतं. चमचा थोडा भरलेला असला, पाणी दहा मिलिलिटर जास्त पडलं, तरी फारसं बिघडत नाही. घरगुती मापांना हे फार सोयीचं.

फेस मात्र भरपूर येतो. पूर्ण चमच्यातून सव्वा लिटरहून जास्त वायू निघतो, तेव्हा ग्लासात करू नका, पातेल्यात करा आणि सोडा चिमटीचिमटीने टाका. मी पहिल्यांदा ग्लासातच एकदम ओतला आणि ओटा पुसत बसलो. फेस बसल्यावर चांगलं ढवळा आणि पाच-दहा मिनिटं उघडं राहू द्या. विरघळलेला वायू स्वतःच आम्ल असतो, तो राहिला तर रंग खोटा येतो.

आता उदासीन पाण्याच्या पलीकडे. एक ग्लास, म्हणजे २०० मिलिलिटर गार पाण्यात एक सपाट चमचा खाण्याचा सोडा विरघळवला की सामू ८.३ च्या आसपास. पाणी गारच हवं आणि द्रावण ताजं हवं. गरम केलं की सोड्यातून वायू निघतो आणि सामू चढत जातो.

त्याच्या वरच्या पायऱ्यांना धुण्याचा सोडा लागतो. दुकानात मिळाला तर ठीक, नाहीतर खाण्याच्या सोड्यापासून घरीच होतो. स्टीलच्या कोरड्या कढईत २० ग्रॅम खाण्याचा सोडा घ्या आणि मध्यम आचेवर परता. थोड्या वेळाने भुकटी पाण्यासारखी खदखदायला लागते, कारण आतून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड सुटत असतो. खदखद थांबली तरी पाच-सात मिनिटं परतत राहा. गार झाल्यावर वजन करा. साडेबारा ग्रॅमच्या जवळ भरलं तर काम झालं. पंधरा-सोळा भरलं तर आत अजून खाण्याचा सोडा शिल्लक आहे, परत कढईत टाका.

या धुण्याच्या सोड्याचा अर्धा चमचा २०० मिलिलिटर पाण्यात घातला की सामू साडेअकराच्या आसपास. आणि मधली दहाची पायरी हवी असेल तर अर्ध्या लिटर पाण्यात ४ ग्रॅम खाण्याचा आणि ५ ग्रॅम धुण्याचा सोडा एकत्र विरघळवा. हीदेखील व्हिनेगरच्या मिश्रणासारखी सामू धरून ठेवणारी जोडी आहे. बाजारातला धुण्याचा सोडा काचेसारख्या खड्यांचा असेल तर त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, तेव्हा ५ च्या जागी साडेतेरा ग्रॅम घ्या.

सगळ्यात वरची पायरी चुन्याच्या निवळीची. पानाला लावायचा चुना चमचाभर घेऊन अर्ध्या लिटर पाण्यात ढवळा, झाकून रात्रभर ठेवा आणि वरचं नितळ पाणी अलगद काढून घ्या. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो, त्यामुळे किती टाकला याला महत्त्व नाही. तळाशी गाळ शिल्लक दिसला की वरची निवळी पूर्ण मुरलेली आहे आणि तिचा सामू १२.४ च्या जवळपास आहे, असं समजा. चुना डोळ्यात गेला तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. मुलं सोबत असतील तर ही पायरी मोठ्यांनी करावी आणि चुन्याची पुडी किंवा ट्यूब मुलांच्या हातात देऊ नये. चुकून उडालाच तर डोळा लगेच भरपूर पाण्याने धूत राहायचं आणि डॉक्टरांकडे जायचं.

सातची पायरी राहिली, असं लक्षात आलं असेल. ती घरात नीट बनत नाही. डिस्टिल्ड पाणी म्हणजे सात, असं पुस्तकात असतं, पण उघड्यावर ठेवलेलं डिस्टिल्ड पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून साडेपाच-सहावर येतं. शिवाय त्याला स्वतःचा असा जोर नसतो. त्यात चमचाभर कोबीचा रस टाकला की पाणी रसाच्या सामूवर येतं, रस पाण्याच्या नाही. म्हणून साडेपाच आणि ८.३ यांच्या मधली जागा रिकामीच ठेवा. तिथला रंग त्या दोघांच्या मध्ये कुठे बसतो, एवढंच बोला.

नावं ठेवण्याचा कार्यक्रम

एकसारखे पारदर्शक ग्लास घ्या. प्रत्येकात पायरीचं ५० मिलिलिटर पाणी आणि एक सपाट चमचा रस. खाली आणि मागे पांढरा कागद. काम दिवसा, खिडकीजवळ करा. पिवळट दिव्याखाली जांभळा लालसर दिसतो आणि निळा मळका दिसतो. रस टाकल्यावर ढवळून मिनिटाभरात रंग पाहा.

भाचीने वहीत आधी 'गुलाबी, गुलाबी, जांभळा, निळा, निळा, हिरवा, हिरवा' असं लिहिलं. सात ग्लासांना चार नावं. मग आईने, म्हणजे तिच्या आजीने, मान घातली आणि म्हणाली, "हा गुलाबी कुठला, ही राणी आहे. आणि तो निळा नव्हे, मोरपंखी." त्यानंतर साड्यांच्या दुकानातली भाषाच वापरायची ठरली. रंगांची बारीक नावं ज्यांना रोज लागतात त्यांच्याकडून ती घेतलेली बरी. आमची यादी अशी झाली:

- अडीच (व्हिनेगर): राणी. भडक, किंचित लालीकडे.
- साडेचार-पावणेपाच (व्हिनेगर आणि अर्धा चमचा सोडा): फिकी गुलबक्षी.
- साडेपाच (व्हिनेगर आणि एक चमचा सोडा): फिका वांगी.
- ८.३ (खाण्याचा सोडा): निळा, मोराच्या गळ्याचा.
- १० (दोन्ही सोडे): मोरपंखी, हिरव्याकडे झुकलेला.
- साडेअकरा (धुण्याचा सोडा): हिरवा.
- १२.४ (चुन्याची निवळी): पोपटी, आणि बघता बघता लिंबोणी पिवळा.

साडेपाच आणि ८.३ च्या मधल्या रिकाम्या जागेला आम्ही 'गोकर्णी' म्हणतो, गोकर्णाच्या फुलाचा तो जांभळट निळा. नळाचं पाणी बहुधा तिथे किंवा त्याच्या थोडं पुढे बसतं. राणीच्याही खाली डाळिंबी लाल असतो, पण त्यासाठी व्हिनेगरापेक्षा जोरकस आम्ल लागतं. लिंबाचा निव्वळ रस त्याच्या जवळ जातो.

तुमच्या घरी नावं वेगळी पडतील, पडू द्या. पण प्रत्येक नाव एकाच ग्लासाला द्या आणि नावाशेजारी त्या ग्लासात काय होतं ते लिहा. 'फिकी गुलबक्षी' एवढंच पुढच्या महिन्यात आठवत नाही. 'व्हिनेगर १००, सोडा अर्धा चमचा' वाचलं की ग्लास परत बनवता येतो.

यादीतला 'फिका' हा शब्द सवयीने आलेला नाही. चार ते सहाच्या पट्ट्यात अँथोसायनिनचा काही भाग रंगहीन रूपात जातो, त्यामुळे रस तेवढाच टाकूनही ग्लास विटलेला दिसतो. नवखा माणूस इथे रस कमी पडला म्हणून आणखी टाकतो. टाकू नका. फिकेपणा हीच त्या पट्ट्याची खूण आहे.

दुसरी खूण हिरव्याची. हिरवा हा मुळात एक रंग नाही. काही रेणू निळ्या रूपात असतात, काहींची कडी तुटून पिवळं रूप झालेलं असतं, आणि दोन्ही एकत्र हिरवे दिसतात. जोरकस आम्लारीत तुटणं चालूच राहतं, म्हणून चुन्याचा ग्लास पोपटी असतो आणि थोड्या वेळाने पिवळा. खात्री करायची असेल तर निवळीचे दोन ग्लास करा. एकात रस टाकल्या टाकल्या व्हिनेगर घाला, तो बऱ्यापैकी गुलाबी होतो. दुसरा तासभर ठेवून मग घाला, तो मळकट, निस्तेज राहतो. वरच्या टोकाचे रंग मिनिटाभरात वाचायचे म्हटलं ते यासाठी. उशिरा पाहिलेला साडेअकराचा ग्लास बाराच्या पुढचा वाटतो.

रस फसवतो तेव्हा

तुरटीचं पाणी चांगलं आम्लधर्मी असतं, सामू साडेतीनच्या आसपास. त्यात रस टाकला की राणी किंवा गुलबक्षी यायला हवी. प्रत्यक्षात रंग जांभळ्याकडे, निळसरपणाकडे ओढला जातो आणि शिडीशी ताडलं तर तुरटी जवळपास उदासीन ठरते. कारण तुरटीत अ‍ॅल्युमिनियम आहे आणि ते अँथोसायनिनला धरून बसतं. हायड्रेंजियाची फुलं आम्लधर्मी मातीत निळी होतात, त्यामागेही हेच अ‍ॅल्युमिनियम. तेव्हा द्रवात धातूचा क्षार असेल तर या दर्शकाचा शब्द धरू नका.

कपड्यांचं ब्लीच टाकलं की रंग क्षणभर हिरवट होऊन उडूनच जातो. ते सामूचं उत्तर नाही, ब्लीचने रंगच नष्ट केलेला असतो. ओळखायची पद्धत सोपी आहे: व्हिनेगर घातल्यावर रंग परत येतो का पाहायचं, असं कुणीही म्हणेल. पण ब्लीचच्या ग्लासात व्हिनेगर कधीही घालू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. त्याऐवजी रसाचा आणखी एक चमचा टाका. तोही विटला तर ब्लीच आहे. संडास साफ करायचं आम्ल आणि नळी मोकळी करायची भुकटी या दोन गोष्टी तर या खेळात आणूच नका.

दर्शकाचे कागद करायचे असतील तर प्रिंटरचा कागद घेऊ नका. त्यात बहुधा खडूची भुकटी भरलेली असते आणि जांभळा रस त्यावर वाळताना स्वतःच निळा पडतो. टीपकागद किंवा कॉफी गाळायचा कागद घ्या, रसात बुडवून सावलीत वाळवा.

विरजणाचा ग्लास

शिडी तयार झाल्यावर आम्ही तिचा उपयोग दह्यावर केला. वेगळा, स्वच्छ ग्लास घेतला, शिडीतला नाही. त्यात १०० मिलिलिटर कोमट दूध आणि दोन चमचे ताजा रस. दुधाचा सामू ६.६ च्या आसपास असतो, म्हणजे आपल्या गोकर्णी पट्ट्यात. पण दूध पांढरं, त्यामुळे रंग राखेत कालवल्यासारखा निळसर जांभळा आला. शिडीचे ग्लास पारदर्शक आहेत, दुधाचा रंग त्यांच्याशी थेट जुळणार नाही. म्हणून नुसतं दूध आणि रस असा दुसरा ग्लास फ्रिजमध्ये ठेवला, सकाळी शेजारी धरून पाहायला.

पहिल्या ग्लासात रात्री नऊला अर्धा चमचा विरजण घालून ढवळलं आणि झाकून ओट्यावर ठेवला. अकराला पाहिलं तर दूध पातळ आणि रंग जवळपास तोच. विरजणातले जीवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, पण सुरुवातीला दूध ते पचवून घेतं, व्हिनेगरच्या मिश्रणासारखंच. सकाळी सहाला दही घट्ट लागलेलं होतं आणि रंग फिका गुलाबी. फ्रिजमधला ग्लास मात्र तसाच निळसर राखाडी होता. दोन्ही खिडकीत शेजारी ठेवल्यावर फरक सांगायला शिडी लागलीच नाही.

आकडा सांगायला मात्र लागली. दह्यावर सुटलेलं निवळ पाणी चमच्याने काढलं, पांढऱ्या बशीत घेतलं, त्यात रसाचे दोन-तीन थेंब टाकले आणि शेजारी शिडीतल्या दोन पायऱ्यांचे थेंब ठेवले. ते फिक्या गुलबक्षीशी जुळलं, फिक्या वांगीशी नाही. म्हणजे साडेचार-पावणेपाच. दुधातलं केसीन ४.६ ला पूर्ण साकळतं, तेव्हा उत्तर जागेवर होतं. याहून बारीक आकडा या रसाकडून मागू नका, अर्धा-एक आकडा इकडेतिकडे धराच.

उरलेला रस फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. वास आला किंवा वर तवंग दिसला की फेकून द्या, कारण आंबलेला रस स्वतःच आम्ल झालेला असतो. टिकावा म्हणून त्यात व्हिनेगर घालायचा मोह होतो, पण मग तो कायमचा राणीच राहील. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवला तर महिनोन् महिने चालतो, एक खडा वितळवला की एका वेळेचं काम होतं. गुलाबी दह्यात भाचीने मीठ आणि जिरेपूड घातली आणि पोळीबरोबर संपवून टाकलं. शिडीचे ग्लास मोरीत ओतले आणि वेगळ्या घासणीने घासले.